बारा महिन्यांचा डेटा, एस-कर्व्ह आणि न दिसणारं सीलिंग

प्रश्न: आमची अंधेरीत छोटी कंपनी आहे, हाउसिंग सोसायट्यांच्या टाक्यांसाठी पाण्याच्या लेव्हलचा सेन्सर विकतो. अंधेरी ते बोरिवली पट्ट्यातल्या 3,000 सोसायट्यांची लिस्ट आहे. मागच्या जूनपासून या मेपर्यंत दर महिन्याला नवीन सोसायट्या अशा: 14, 4, 6, 13, 15, 16, 24, 39, 49, 53, 74, 93. एकूण 400. पायथनमध्ये लॉजिस्टिक कर्व्ह बसवायला गेलो तर आधी `Optimal parameters not found: Number of calls to function has reached maxfev = 800.` असा एरर आला. सुरुवातीचे आकडे बदलले तेव्हा फिट झालं, R² 0.999 आला. पण शेवटचा एक महिना काढला की सीलिंग बरंच बदलतं. साहेबांना पुढच्या मेचा आकडा हवाय, पार्ट्सची ऑर्डर द्यायचीय. कुठल्या सीलिंगवर विश्वास ठेवू?

उत्तर:

कर्व्हमधून आलेल्या कुठल्याच सीलिंगवर नको, निदान आत्ता तरी नको. हे तुमच्या कोडचं दुखणं नाहीये, डेटाचं आहे, आणि ते का आहे ते नीट कळलं की पुढचं काम सोपं होतं, म्हणून आधी तेच सांगतो.

एरर पटकन निकालात काढू. `curve_fit` ला तुम्ही सुरुवातीचे आकडे दिले नाहीत तर तो तिन्ही पॅरामीटर 1 धरतो, म्हणजे सीलिंग K, जिथे एकूण आकडा शेवटी थांबतो, तो एक सोसायटी, वेग r 1 आणि मधला महिना t0 पहिलाच. तिथून बघितलं तर कर्व्ह जवळजवळ सपाट असतो, कुठला पॅरामीटर किती हलवला तर चूक कमी होईल हे त्याला कळतच नाही, मग तो 200 गुणिले (पॅरामीटर अधिक एक) म्हणजे तुमच्या केसमध्ये 800 वेळा फंक्शन चालवून हात वर करतो. K ला सध्याच्या एकूण आकड्याच्या तीन-चार पट, r ला 0.3 आणि t0 ला 15 असं काही दिलं की चालतं. r चा अंदाज कसा करायचा? महिन्यातले नवीन भागिले त्या महिन्यातलं सरासरी एकूण, सुरुवातीच्या काळात हे जेवढं येतं तेवढाच r. तुमच्याकडे पाचव्या महिन्यात 15 भागिले 44.5, म्हणजे 0.34. बस, एवढाच एररचा विषय.

आता खरा मुद्दा. तुमच्या डेटावर मी दोन कर्व्ह ठेवून बघितले. सूत्र तेच,

```
N(t) = K / (1 + exp(-r*(t - t0)))
```

पहिल्यात K = 1200, r = 0.35, t0 = 14. दुसऱ्यात K = 3000, r = 0.305, t0 = 18.1. म्हणजे पहिला म्हणतो पट्ट्यातल्या बाराशे सोसायट्यांवर गाडी थांबणार, आणि दुसरा म्हणतो तुमच्या लिस्टमधल्या झाडून सगळ्या सोसायट्या घेणार. आता गंमत बघा. बाराव्या महिन्याला पहिला कर्व्ह 398 सांगतो, दुसरा 404, तुमचा खरा आकडा 400. आठव्या महिन्याला पहिला 131, दुसरा 132, तुमचे 131. महिन्याच्या नवीन सोसायट्यांच्या हिशोबात बघितलं तर दोघांचीही चूक सरासरी तीन-साडेतीन सोसायट्यांची आहे, आणि एकूण आकड्यांवरचा R² दोघांचाही 0.999 च्या वर. पण चोविसाव्या महिन्याला, म्हणजे साहेबांना हवा असलेल्या पुढच्या मेला, पहिला म्हणतो 1,165 आणि दुसरा म्हणतो 2,574. मागचं जवळजवळ सारखंच सांगणारे दोन कर्व्ह, आणि पुढचं दुपटीपेक्षा जास्त लांब.

असं का होतं तर लॉजिस्टिकचा पहिला भाग हा जवळजवळ निव्वळ चक्रवाढ असतो, तिथे K ची सहीच उमटत नाही. K दिसायला लागतो तो वाढीचा टक्का कमी व्हायला लागल्यावर. कर्व्हच्या पोटात एक साधं नातं आहे, की वाढीचा दर म्हणजे नवीन भागिले एकूण हा r*(1 - N/K) इतका असतो, म्हणजे एकूण आकडा आडव्या अक्षावर आणि दर उभ्या अक्षावर घेतला तर उतरती सरळ रेघ यायला पाहिजे आणि ती शून्याला जिथे टेकते तो K. तुमचे दर काढा: पाचव्या महिन्यापासून 0.34, 0.27, 0.30, 0.35, 0.32, 0.26, 0.27, 0.26. उतार आहे, नाही असं नाही, पण सगळे ठिपके 45 ते 354 या पट्ट्यात आहेत आणि रेघ ओढायचीय थेट हजारांपर्यंत. कागदावर पट्टी ठेवून बघा, एक ठिपका जरा वरखाली केला की रेघ शून्याला हजारावर टेकते नाहीतर चार हजारांवर. तुम्ही मे महिना काढल्यावर जे झालं ते हेच. आणि आठव्या महिन्यापर्यंतचाच डेटा घेतला असतात तर 0.34, 0.27, 0.30, 0.35, उतारच नाही, तिथे सॉल्व्हर K ला लाखांत घेऊन गेला तरी तक्रार करता येणार नाही. काही जण मग `bounds` लावतात, K जास्तीत जास्त 5,000 वगैरे, आणि उत्तर बरोब्बर 5,000 येतं. उत्तर बाउंडला चिकटलेलं असेल तर ते डेटाने दिलेलं नाही, तुम्हीच टाईप केलेलं आहे.

हे काही तुमचं एकट्याचं नाही, आणि नवीनही नाही. फ्रँक बास यांनी 1969 मध्ये टिकाऊ वस्तूंच्या पहिल्या खरेदीचं मॉडेल मांडलं, त्यात स्वतःहून घेणारे आणि दुसऱ्याचं बघून घेणारे असे दोन वेगळे आकडे असतात. पुढे श्रीनिवासन आणि मेसन यांनी 1986 मध्ये ते नॉनलिनियर लीस्ट स्क्वेअर्सने कसं बसवायचं ते दाखवलं. आणि 1997 मध्ये व्हॅन डेन बुल्टे आणि लिलियन यांनी दाखवलं की अशा फिटमध्ये सीलिंग एका ठरावीक बाजूला घसरतं. डेटा कमी असेल तर सीलिंग कमी येतं आणि अनुकरणाचा वेग जास्त येतो, नवीन महिने मिळत जातात तसं सीलिंग वर सरकत जातं. म्हणजे छोट्या डेटावरचं सीलिंग नुसतं डळमळीत नसतं, सहसा खालच्या बाजूला कललेलं असतं. माझ्या बघण्यातही तेच आलंय, दर तिमाहीला फिट केलं की सीलिंग दर तिमाहीला थोडं वाढतं आणि मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं की बघा, मार्केट मोठं होतंय. मार्केट तेवढंच असतं हो.

आता फिट कसं करायचं. पहिली गोष्ट, एकूण आकड्यांवर फिट करू नका, महिन्याच्या नवीन आकड्यांवर करा. श्रीनिवासन-मेसन यांची पद्धत हीच, की कर्व्हच्या शेजारच्या दोन महिन्यांच्या किमतींतला फरक घ्यायचा आणि तो त्या महिन्याच्या विक्रीवर बसवायचा. कारण साधं आहे. समजा ऑक्टोबरमध्ये कुणा बिल्डरच्या ओळखीने दहा सोसायट्या एकदम मिळाल्या, तर एकूण आकड्यात त्या दहा नोव्हेंबरमध्येही आहेत, डिसेंबरमध्येही आहेत, मेपर्यंत आहेत. एका महिन्याची चूक पुढच्या सगळ्या महिन्यांत बसून राहते, पण लीस्ट स्क्वेअर्स मात्र प्रत्येक महिन्याची चूक स्वतंत्र आहे असं धरून चालतो. परिणाम असा की `curve_fit` जो कोव्हेरियन्स देतो त्याच्यातून काढलेली रेंज खोटी अरुंद येते, आणि R² तर सहसा 0.99 च्या पुढे येतो, कारण सतत चढत जाणाऱ्या आकड्यांवर साधारण तसाच चढणारा कुठलाही कर्व्ह टाका, R² चांगलाच येणार. मी तर अशा फिटमध्ये R² छापतच नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. जिथे महिन्याला 90 येतात तिथे पाच-दहाची चूक साहजिक आहे, जिथे महिन्याला 6 येतात तिथे नाही. मोजणीच्या आकड्यात चूक साधारण आकड्याच्या वर्गमुळाएवढी असते म्हणून `sigma` मध्ये ते द्यायचं, नाहीतर शेवटचे दोन-तीन महिने सगळा फिट आपल्याकडे खेचतात.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, K ला फिटमधून बाहेर काढा. तो बाहेरून मोजून आणा, आणि डेटाला फक्त r आणि t0 विचारा, कारण तेवढंच त्याला माहितीय.

K मोजायचा कसा? तुमच्याकडे 3,000 ची लिस्ट आहे ही मोठी गोष्ट आहे, बऱ्याच जणांकडे तेवढंही नसतं. त्यातून चिठ्ठ्या टाकून 100 सोसायट्या काढा. चिठ्ठ्या म्हणजे खरंच चिठ्ठ्या, सेल्सवाल्यांना ज्या जवळच्या वाटतात त्या नाही. ज्यांनी आधीच घेतलाय त्या हो मध्ये. बाकीच्यांच्या सेक्रेटरीला नाहीतर खजिनदाराला फोन करा आणि "घेणार का" असं विचारू नका, त्याला सगळेच "बघू, कमिटीत विषय घेतो" म्हणतात. परिस्थिती विचारा. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार आहे का? आपल्याकडे हा प्रश्न पहिला, कारण ज्या सोसायटीत डेव्हलपर ठरायच्या गोष्टी चालू आहेत ती सोसायटी टाकीवर एक रुपया घालणार नाही, आणि पश्चिम उपनगरांत जुन्या बिल्डिंगांमध्ये अशा सोसायट्या भरपूर सापडतील. मग पंप कोण चालू-बंद करतं, वॉचमन की ऑटो कंट्रोलर? ऑटो आधीच असेल तर तुमचा सेन्सर त्यांच्यासाठी चैन आहे. टँकर मागवावा लागतो का, मागवत असतील तर गरज खरी आहे. मागच्या दोन-तीन वर्षांत सीसीटीव्ही, गेटचं ॲप असं काही घेतलंय का, यावरून कमिटी खर्च करणारी आहे की नाही ते कळतं. या उत्तरांवरून हो की नाही ते तुम्ही ठरवायचं, त्यांनी नाही.

समजा 100 पैकी 60 निघाल्या. 100 च्या नमुन्यात 60 टक्के आले तर खरा आकडा साधारण 50 ते 70 टक्क्यांत असतो, म्हणजे 3,000 वर K साधारण 1,500 ते 2,100, मध्ये 1,800. तुमचे खरे 100 फोन होईपर्यंत हे माझे समजा-आकडे आहेत हे लक्षात ठेवा. आता तीन K वर तीन फिट:

```python
import numpy as np
from scipy.optimize import curve_fit

t = np.arange(1, 13)
y = np.array([14, 4, 6, 13, 15, 16, 24, 39, 49, 53, 74, 93])

def S(t, K, r, t0):
    return K / (1 + np.exp(-r * (t - t0)))

for K in (1500, 1800, 2100):
    def monthly(t, r, t0):
        prev = np.where(t > 1, S(t - 1, K, r, t0), 0)
        return S(t, K, r, t0) - prev
    p, cov = curve_fit(monthly, t, y, p0=(0.3, 15),
                       sigma=np.sqrt(np.maximum(y, 5)))
    print(K, p, S(15, K, *p), S(24, K, *p))
```

`np.maximum(y, 5)` एवढ्यासाठी की 4 वाल्या महिन्याला फाजील वजन मिळू नये. पहिल्या महिन्याला prev शून्य धरलाय, कारण तुमचे 14 म्हणजे शून्यापासून पहिल्या महिन्याअखेरपर्यंतचे सगळे. दोनच पॅरामीटर असल्यामुळे हे फिट पटकन आणि प्रत्येक वेळी एकाच जागी येऊन बसतं, सुरुवातीचे आकडे थोडे इकडेतिकडे दिले तरी फरक पडत नाही. पडला तर समजा कोडमध्ये काहीतरी चुकलंय.

मी हाताने बसवून बघितलं तर साधारण असं येतं (वजनामुळे तुमच्या मशीनवर आकडे थोडे हलतील). K 1,500 धरला तर पुढच्या मेला 1,430 च्या आसपास, 1,800 ला 1,675, 2,100 ला 1,915. म्हणजे पुढच्या बारा महिन्यांत नवीन सोसायट्या 1,030, 1,275 किंवा 1,515. आधीच्या 1,165 ते 2,574 पेक्षा हे बरंच आवळलेलं आहे, आणि आवळलं कुणी तर कर्व्हने नाही, शंभर फोनांनी.

साहेबांना एक आकडा हवाय म्हणताय. माझ्या मते त्यांना वर्षाचा आकडा लागतच नाहीये. पार्ट्स यायला किती दिवस लागतात? समजा दोन-तीन महिने. मग ऑर्डरसाठी लागतो तो पंधराव्या महिन्याचा आकडा, आणि तिथे मजा बघा: पुढच्या तीन महिन्यांत नवीन सोसायट्या K 1,500 ला 345 च्या आसपास, 1,800 ला 370, 2,100 ला 390. सगळा फरक पंचेचाळीसचा. तीन महिन्यांच्या टप्प्यावर सीलिंगचा फारसा प्रश्नच येत नाही, बारा महिन्यांवर तो 485 सोसायट्यांचा होतो. म्हणून ऑर्डर तिमाहीला तोडा, वर्षाची एकगठ्ठा देऊ नका. सप्लायर वर्षाच्या ऑर्डरवर डिस्काउंट देत असेल तर त्या डिस्काउंटची तुलना K 1,500 निघाला तर पडून राहणाऱ्या मालाशी करा, तिथे वर्षाचा आकडा कामाला येतो.

पण. हे तीन महिने कुठले आहेत? जून, जुलै, ऑगस्ट.

इथे मुंबईत राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण कर्व्हला हे माहीत नसतं. तुमचे सगळ्यात मोठे महिने मार्च, एप्रिल, मे आहेत, 53, 74, 93. त्या दिवसांत तलावांची पातळी खाली गेलेली असते, काही वर्षी पालिकेची पाणीकपात लागते, टँकरचे भाव चढतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज टाकी रिकामी का म्हणून भांडणं होतात. अशा वेळी सेन्सर आपोआप विकला जातो. मग पाऊस लागतो, जुलै ते सप्टेंबरमध्ये सातही तलाव भरत येतात, आणि पाण्याचा विषय कमिटीच्या अजेंड्यावरून खाली जाऊन लिफ्ट नाहीतर गच्चीची गळती वर येते. म्हणजे तुमच्या 93 मध्ये थोडा उन्हाळा आहे, आणि जून-जुलैला आकडा 60-70 वर येईल ही शक्यता भरपूर आहे.

आता ते 60-70 तुम्ही कर्व्हला खाऊ घातलेत तर तो काय म्हणेल? तो म्हणेल शिखर मेमध्येच होऊन गेलं. लॉजिस्टिकमध्ये शिखर बरोब्बर अर्ध्या सीलिंगवर येतं, म्हणजे तो K सरळ आठशेच्या आसपास आणून ठेवेल, आणि या वेळेला फार आत्मविश्वासाने, अरुंद रेंजसकट. सीलिंग सुटं ठेवलेल्या फिटचा हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण आधी निदान आकडा डळमळतोय हे दिसत होतं, आता तो स्थिर दिसतो. उलटंही होतंच: आत्ताच्या फिटमध्ये उन्हाळ्याची तेजी r मध्ये मिसळलीय आणि तुम्हाला वेग जास्त वाटतोय.

यावर सीझनचा गुणक लावा असं पुस्तकी उत्तर आहे, पण एकाच वर्षाच्या डेटावर सीझन आणि एस-कर्व्ह वेगळे करताच येत नाहीत, प्रत्येक महिना एकदाच आलाय. मी असं करतो की विक्री सोडून दुसरी मोजणी शोधतो जिच्यावर पाण्याचा परिणाम होतो पण तुमच्या प्रसाराचा होत नाही. तुमच्या केसमध्ये ज्या सोसायट्यांत सेन्सर बसलाय त्यांचाच डेटा आहे की! टाकी रिकामी होण्याचे अलर्ट महिन्याला सोसायटीमागे किती येतात ते काढा. मेमध्ये ते नोव्हेंबरच्या दुप्पट असतील तर मागणीवर उन्हाळ्याचा हात किती आहे याचा निदान अंदाज येतो. तेही नसेल तर साधा मार्ग: जून ते सप्टेंबरचे महिने फिटमध्ये घ्या पण त्यांच्यावरून सीलिंग बदलू नका, आणि पुढच्या मार्च-एप्रिलची तुलना या मार्च-एप्रिलशी करा, पाण्याशी पाणी. सप्टेंबरअखेरीचीही एक गोष्ट लक्षात असू द्या. सहकारी सोसायट्यांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, मोठा खर्च तिथे मंजूर होतो, त्यामुळे ऑक्टोबरला एक उसळी आली तर ती कर्व्हची नाही, सभेची. मागच्या ऑक्टोबरला तुमचे 15 आहेत, तेव्हा तुम्हाला ओळखतंच कोण होतं, म्हणून ती उसळी डेटात दिसत नाही.

अजून एक खोटं शिखर असतं आणि ते ओळखायला तुम्ही मला एकच गोष्ट सांगायला हवी: हे आकडे ऑर्डरचे आहेत की बसवल्याचे? बसवल्याचे असतील तर बसवणारी माणसं किती? दोन टेक्निशियन असतील, दिवसाला प्रत्येकी दोन सोसायट्या आणि महिन्याचे 25 दिवस धरले तर महिन्याला 100 च्या वर जाणं शक्यच नाही, आणि तुम्ही 93 वर आहात. पुढचे तीन महिने 95, 98, 96 आले तर कर्व्हला वाटेल की मार्केट भरत आलं, पण भरलाय तो टेक्निशियनचा दिवस. ओळखायची खूण अशी की ऑर्डर ते इन्स्टॉलेशनचे दिवस वाढत जातात. मार्चमध्ये चार दिवस लागत होते आणि मेमध्ये पंधरा लागतायत असं असेल तर बसवल्याच्या आकड्यांवर फिट करणं सोडा, ऑर्डरच्या तारखेवर करा. तसंच सेल्समध्ये नवीन माणूस कधी घेतला, जाहिरात कधी केली, हे महिने मार्क करून ठेवा. 24 वरून एकदम 39 झाले तो आठवा महिना मला जरा संशयास्पद वाटतोय, तिथे काहीतरी तुम्ही केलं असणार.

आणि युनिट तपासा. चार विंगांच्या सोसायटीने चार सेन्सर घेतले तर ती एक सोसायटी की चार? K सोसायट्यांमध्ये मोजलाय तर डेटाही सोसायट्यांमध्येच पाहिजे, पार्ट्सच्या ऑर्डरसाठी शेवटी सोसायटीमागे सरासरी सेन्सरने गुणा. मोठी कॉम्प्लेक्सेस सहसा आधी घेतात, त्यामुळे आत्ताची सरासरी पुढे खाली येईल, तेवढी जागा ठेवा.

लॉजिस्टिकच का, गॉम्पर्ट्झ का नाही, असं कुणीतरी विचारेल. लॉजिस्टिक दोन्ही बाजूंनी सारखा असतो, शिखर 50 टक्क्यांवर. गॉम्पर्ट्झचं शिखर साधारण 37 टक्क्यांवर येतं आणि मग लांब शेपटी. K सुटा ठेवून तुमच्या डेटावर गॉम्पर्ट्झ बसवलात तर सीलिंग बरंच मोठं येईल आणि फिट तेवढंच देखणं दिसेल. K बाहेरून आणलेला असला की हा वाद निम्मा मिटतो. बास मॉडेलही चालेल, पण तुमच्या पहिल्या महिन्याचे 14 सोडले तर स्वतःहून आलेले फार दिसत नाहीत, बहुतेक जण शेजारच्या सोसायटीचं बघून येतायत, म्हणून मी दोन पॅरामीटरच्या लॉजिस्टिकवरच थांबलो असतो.

साहेबांसमोर मी तीन ओळी ठेवीन, प्रत्येक K साठी एक, आणि पुढचा आकडा कर्व्हचा S(24) जसाच्या तसा न देता खऱ्या 400 मध्ये कर्व्हची वाढ मिळवून देईन, नाहीतर बाराव्या महिन्याला कर्व्ह आणि खरा आकडा यांत असलेली दोन-चारची तफावत कुणीतरी पकडतं आणि अर्धी मीटिंग त्यातच जाते. पहिल्या तिमाहीची ऑर्डर 345 पेक्षा थोडी खाली धरा, पावसाळ्यामुळे, म्हणजे 250 ते 300 सोसायट्यांपुरती. ऑगस्टअखेर एकूण 600 च्या खाली असेल तर घाबरून K कापू नका, आधी अलर्टचे आकडे आणि इन्स्टॉलेशनचे दिवस बघा. 800 च्या वर गेलं तर मात्र ते तिन्ही K च्या अंदाजापेक्षा जास्त आहे आणि तेही पावसात, मग तुमच्या शंभर फोनांत नाही म्हणून टाकलेल्यांपैकी कुणी घेतलाय का ते शोधा, कारण तसं असेल तर चाळणीच चुकलीय आणि फोन परत करावे लागतील. ऑर्डरच्या तारखांचा डेटा काढलात तर तो टाका इथे, त्या आठव्या महिन्याचं काय ते बघू.